पीपीएचचं सिम्युलेशन लिहिताना: कोणत्या इशाऱ्यावर टीम जागी झाली?

हा आजच्या एपिसोडचा लिखित भाग. कानात हेडफोन घालून बसमध्ये ऐकणाऱ्यांना मध्येच आकडे निसटतात अशी तुमची तक्रार असते, म्हणून इथे सगळं क्रमाने दिलंय. विषय आहे पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतर होणारा जास्तीचा रक्तस्राव, आणि त्यावर हाय-फिडेलिटी सिम्युलेशनचा प्रसंग कसा लिहायचा. नर्सिंगला शेवटच्या वर्षाला असाल, इंटर्नशिप चालू असेल किंवा नुकतेच ट्यूटर म्हणून लागला असाल, तर हा प्रसंग कधीतरी तुमच्या वाट्याला येणारच.

बहुतेक जण लिहायला बसले की सुरुवात रक्तापासून करतात. मॅनिकिन कोणता, नकली रक्त किती, मॉनिटरवर बीपी किती खाली आणायचं. मग ड्रिलच्या दिवशी काय होतं? रक्त भसकन येतं, मॉनिटर किंचाळतो, सगळे धावतात, औषधांची नावं घेतली जातात आणि शेवटी सर म्हणतात, "छान केलंत." पण शिकलं काय, ते कुणालाच सांगता येत नाही.

आज मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. प्रसंग उलट्या बाजूने लिहायचा. शेवटी कोणता प्रश्न विचारायचा आहे ते आधी ठरवायचं. त्या प्रश्नासाठी टीमने काय करताना दिसायला हवं, ते उद्दिष्ट. आणि ती कृती करण्यासाठी त्यांना काय दिसायला, ऐकायला किंवा हाताला लागायला हवं, तो इशारा. इंग्रजीतून आलेला 'क्यू' हा शब्द आपण सर्रास वापरतो, मी इथे इशारा म्हणेन. उद्दिष्ट, इशारा आणि प्रश्न या तिघांची गाठ बसली नाही, तर कितीही महागडा मॅनिकिन आणा, उपयोग नाही.

आधी आजार समजून घेऊ, तेवढाच

नऊ महिने भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिली रक्त जात असतं. वार सुटल्यावर तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि त्यांना बंद करण्याचं काम गर्भाशयाचा स्नायूच करतो, स्वतः आवळून. तो आवळला नाही, पोटावरून हात लावल्यावर कडक गोळ्याऐवजी मऊ, पिठाच्या गोळ्यासारखा लागला, की रक्त जातच राहतं. पीपीएचचं हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण. याशिवाय फाटणं, वारेचा तुकडा आत राहणं आणि रक्त न गोठणं अशी आणखी तीन कारणं आहेत, पण आजच्या प्रसंगात आपण त्यांना हात लावणार नाही. एका प्रसंगात चारही कारणं कोंबली की टीम गोंधळते आणि आपल्यालाही कळत नाही की ती नेमकी कुठे अडली.

आता यातली फसवी गोष्ट. गरोदरपणात बाईच्या शरीरातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. त्यामुळे बरंच रक्त गेलं तरी बीपी बराच वेळ ठीक दिसतं. आधी नाडी वाढते, बीपी मागाहून पडतं. त्यात नुसत्या नजरेने रक्ताचा अंदाज घेतला की तो बहुतेक वेळा कमीच येतो, आणि स्राव जितका जास्त तितकी चूक मोठी. थोडक्यात, पीपीएचमध्ये पहिली अडचण औषधाची नसते. "हे आता जास्त आहे" असं वेळेवर म्हणण्याची असते.

याला भक्कम पुरावा आहे. २०२३ साली ई-मोटिव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांत तो झाला. तिथे प्रसूतीनंतर बाईच्या खाली मिलीच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावली, तिला ड्रेप म्हणतात, आणि रक्त ठरावीक रेषेवर गेलं की ठरलेले उपाय एकदमच सुरू केले. नेहमीच्या पद्धतीत पीपीएच झालेल्या बायकांपैकी सुमारे ५१ टक्क्यांमध्येच तो ओळखला गेला होता, या पद्धतीत सुमारे ९३ टक्क्यांमध्ये. आणि गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा रक्तस्रावाने मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं. औषधं तीच होती, फरक वेळेवर ओळखण्यात आणि सगळं एकत्र करण्यात होता. म्हणून आपल्या प्रसंगाचा कणाही हाच.

उद्दिष्ट: डोळ्यांना दिसेल असं लिहा

"विद्यार्थ्यांना पीपीएचचं व्यवस्थापन समजेल." असं उद्दिष्ट फाइलमध्ये शोभून दिसतं, पण काचेपलीकडे बसून तुम्ही ते तपासणार कसं? समज दिसत नाही, कृती दिसते. पंधरा मिनिटांच्या प्रसंगाला तीन उद्दिष्टं पुरेत. आपली तीन अशी:

पहिलं: रक्त ३०० मिलीच्या वर आणि नाडी १०० च्या वर गेल्यापासून २ मिनिटांच्या आत टीममधलं कोणीतरी "पीपीएच आहे" असं मोठ्याने म्हणेल आणि मदत बोलावेल.

दुसरं: तिथून १५ मिनिटांत पाच गोष्टी सुरू झालेल्या असतील. गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, शिरेतून सलाईन, आणि कारण शोधण्यासाठी तपासणी.

तिसरं: पुढचं औषध टोचण्याआधी टीम दमा आणि बीपी या दोन गोष्टींची खात्री करेल.

पहिल्या उद्दिष्टात ५०० ऐवजी ३०० का? आपण पाठ केलेली व्याख्या ५०० मिलीची आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की रक्त ३०० मिलीला पोचलं आणि नाडी किंवा बीपी बिघडलेलं असेल, तर ५०० ची वाट न पाहता उपचार सुरू करा. तुमच्या संस्थेचा प्रोटोकॉल जुना असेल, तर तोच आकडा लिहा. मात्र प्रसंगात एक आणि वॉर्डात दुसरा, असं होऊ देऊ नका.

रुग्ण: प्रत्येक ओळीला काम हवं

आता आपली बाई घडवू. नाव सुनीता, वय २६, दुसरं बाळंतपण. ठिकाण एका तालुक्याचं रुग्णालय, रात्रीचे अडीच वाजलेत. कळा १४ तास चालल्या, त्या वाढवायला ऑक्सिटोसिनची ड्रिप लावावी लागली. वीस मिनिटांपूर्वी नॉर्मल डिलिव्हरी झाली, बाळ ३.४ किलोचं. जन्मानंतर लगेच १० युनिट ऑक्सिटोसिन दंडात दिलंय. वार पूर्ण आली, टाके पडलेले नाहीत. हिमोग्लोबिन ९.२. हाताला एकच गुलाबी कॅन्युला. नाडी ८८, बीपी ११६/७४. केस पेपरच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय: दमा आहे, पंप घेते. उशाजवळच्या पिशवीतून तो पंप अर्धवट बाहेर दिसतोय.

बघा, यात उगाच काही नाही. लांबलेल्या कळा आणि ड्रिप म्हणजे थकलेलं गर्भाशय, मऊ पडण्याची शक्यता जास्त. हिमोग्लोबिन कमी, म्हणजे तिला रक्त गमावणं परवडणारं नाही. वार पूर्ण आणि टाके नाहीत, म्हणजे बाकीची कारणं आपण मुद्दाम बाजूला ठेवलीत, तरी टीमने तपासून खात्री करायचीच आहे. एकच बारीक कॅन्युला आहे, कारण सलाईन आणि औषधं दोन्ही चालवायला दुसरी मोठी सुई लागणार, आणि ती कोण लावणार हे टीमने ठरवायचंय. दमा तिसऱ्या उद्दिष्टासाठी.

उलट "आधीचं सिझर" अशी एक ओळ घातली असती तर? अर्धी टीम गर्भाशय फाटल्याच्या मागे गेली असती. ज्या तपशिलाला उद्दिष्ट नाही, तो तपशील टीमला चुकीच्या वाटेला नेतो, म्हणून तो काढून टाका.

इशाऱ्यांची शिडी: हळू आवाजापासून मोठ्या आवाजाकडे

हा आजच्या एपिसोडचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

टीममध्ये दोन सिस्टर आणि एक इंटर्न. आपले दोन कलाकार: सुनीताचा आवाज देणारी एक जण आणि सासूबाईंच्या भूमिकेत एक जण. सुरुवातीला ड्रेपमध्ये १५० मिली रक्त. तिसऱ्या मिनिटाला ३५० मिली, नाडी १०४, बीपी ११२/७०, गर्भाशय मऊ. इथून पहिल्या उद्दिष्टाचं घड्याळ सुरू. आणि इथून इशारे एकामागून एक येतात, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा स्पष्ट.

पहिला इशारा गप्प असतो: ड्रेपमधली रेष आणि हाताखाली लागणारा मऊपणा. जो बघेल आणि हात लावेल, त्यालाच कळेल. मिनिटभरात कोणी काही बोललं नाही, तर दुसरा: सुनीता म्हणते, "सिस्टर, खाली ओलं ओलं लागतंय." आणखी अर्ध्या मिनिटाने तिसरा: "सिस्टर, मला कसंतरी होतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय." दोन मिनिटं पूर्ण झाली तरी हालचाल नाही, तर चौथा: सासूबाई पुढे येतात आणि विचारतात, "ओ बाई, एवढं अंगावरून जाणं बरोबर आहे का?" यानंतरही टीम थांबलेली असेल, तर पाचवा आणि शेवटचा: फोन वाजतो, पलीकडून ऑन-कॉल मॅडम विचारतात, "सिस्टर, अडीचच्या पेशंटचं रक्त किती गेलं? मोजून सांगा."

या शिडीचे दोन फायदे. एक, टीम कितीही गोंधळली तरी प्रसंग अडकून पडत नाही, कुठल्यातरी पायरीवर ती पुढे सरकतेच. दुसरा फायदा मोठा आहे. टीम कोणत्या पायरीवर जागी झाली, हीच तुमची नोंद. गप्प इशाऱ्यावर जागी झालेली टीम आणि सासूबाईंनी विचारल्यावर जागी झालेली टीम, दोघींनीही पुढे सगळी औषधं बरोबर दिली असतील. पण त्यांना शिकायचंय ते वेगळं आहे. निरीक्षकाच्या कागदावर वेळ आणि पायरी, एवढे दोनच रकाने असले तरी चालतील.

इथे एक नेहमीची गफलत होते, ती मॉनिटरची. हाय-फिडेलिटी मॅनिकिनला मॉनिटर जोडलेला असतो आणि नाडी वाढली की तो वाजायला लागतो. मग टीम जागी होते ती अलार्मवर, आणि तुम्ही समजता त्यांनी रक्त ओळखलं. म्हणून प्रसंगात स्पष्ट लिहा: अलार्म बंद, बोटाला प्रोब लावल्याशिवाय नाडी दिसणार नाही, कफ फुगवल्याशिवाय बीपी दिसणार नाही. रात्री अडीचला तालुक्याच्या लेबर रूममध्ये नॉर्मल डिलिव्हरीनंतर बाईला मॉनिटर कायम लावलेला असतोच असं नाही. हाय-फिडेलिटीचा अर्थ यंत्र महाग असणं असा नाही. ज्या क्षणी टीमने निर्णय घ्यायचाय, तो क्षण खऱ्यासारखा असणं, असा आहे. आपल्या प्रसंगात तीन गोष्टी खऱ्यासारख्या हव्यात: रक्त हळूहळू वाढणं, गर्भाशय हाताला मऊ-कडक लागणं आणि बाईचा आवाज. मॅनिकिन उपलब्ध नसेल तर मामा नॅटली नावाचं उपकरण असतं, ते एखादी व्यक्ती पोटावर बांधून बसते आणि आतून रक्त व गर्भाशय दोन्ही हाताळते. बोलणारी बाई खरी असल्यामुळे तिच्याशी कसं बोललं जातंय, हे त्यात उलट जास्त चांगलं दिसतं.

जर-तर: मॅनिकिन कशाला उत्तर देणार

टीमने पीपीएच म्हटलं, मदत बोलावली. आता दुसरा टप्पा. रक्त ७०० मिली, नाडी १२४, बीपी ९६/५८. ऑपरेटरसाठी इथे "परिस्थिती बिघडत जाते" असं मोघम लिहू नका. प्रत्येक कृतीला मॅनिकिन काय करेल, ते लिहा.

मसाज चालू असेल तोवर गर्भाशय थोडं कडक, हात काढला की पुन्हा मऊ. ऑक्सिटोसिन सुरू केलं, म्हणजे १० युनिट सलाईनमधून १० मिनिटांत, तर रक्ताचा वेग निम्मा, पण थांबत नाही. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम, तेही शिरेतून सावकाश १० मिनिटांत. प्रसूतीपासून ३ तासांच्या आत द्यायचं असतं, आपल्याकडे वेळ आहे. सलाईन दुसऱ्या सुईतून चालू झालं की बीपी १०२ वर येतं. तपासणी केली तर फाटलेलं काही नाही, वार पूर्ण. पाचपैकी एखादी गोष्ट राहून गेली, तर पुढच्या दोन मिनिटांत नाडी आणखी १० ने वाढते आणि सुनीता म्हणते, "मला थंडी वाजतेय."

दहा मिनिटांचं इंजेक्शन पंधरा मिनिटांच्या प्रसंगात बसवायचं कसं? वेळेची उडी घ्यायची, पण सांगून. ऑपरेटर मोठ्याने म्हणतो, "दहा मिनिटं झाली." हा नियम सुरू होण्याआधीच टीमला सांगितलेला हवा. मात्र पहिल्या उद्दिष्टाच्या दोन मिनिटांत वेळेची उडी कधीच घ्यायची नाही. तिथे खरं घड्याळ.

तिसरा टप्पा. रक्त ११०० मिली, ऑक्सिटोसिनने पूर्ण फरक पडलेला नाही. आता पुढचं औषध. ट्रेमध्ये तीन आहेत: कार्बोप्रोस्ट, मिथाइलअर्गोमेट्रिन आणि मिसोप्रोस्टॉल. कार्बोप्रोस्ट दमा असलेल्या बाईला देत नाहीत, श्वासनलिका आवळू शकते. मिथाइलअर्गोमेट्रिन बीपी वाढलेल्या बाईला देत नाहीत. सुनीताचं बीपी वाढलेलं नाही, त्यामुळे मिथाइलअर्गोमेट्रिन ०.२ मिग्रॅ स्नायूत किंवा मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम जिभेखाली, हे दोन्ही मार्ग मोकळे.

टीमने कार्बोप्रोस्ट भरायला घेतलं तर काय? काही जण इथे सुनीताला दम्याचा झटका आणतात आणि "बघा, चुकलात" म्हणतात. मी तसं लिहिणार नाही. सुई टोचायच्या आधीच सुनीता विचारते, "सिस्टर, हे दम्याला चालतं ना? मी पंप घेते." हा बचावाचा इशारा. टीम थांबली, औषध बदललं, तर उद्दिष्ट उशिरा का होईना साधलं आणि चर्चेला चांगला मुद्दा मिळाला. झटका आणला असता तर उरलेला वेळ श्वासाच्या उपचारात गेला असता, जे आपल्या तीन उद्दिष्टांत नाहीच.

याच कारणासाठी सुनीताला मारायचंही नाही. मृत्यूची बातमी नातेवाइकांना कशी द्यायची, हे शिकवायचं असेल तर तो वेगळा प्रसंग, वेगळी तयारी. इथे शेवट असा: योग्य औषध दिल्यावर गर्भाशय कडक, रक्त जवळजवळ थांबलेलं, नाडी १०८, बीपी १०४/६६, आणि मॅडम दारात. टीम त्यांना चार वाक्यांत परिस्थिती सांगते. प्रसंग संपला.

सुरू होण्याआधी एक रंगीत तालीम

प्रसंग कागदावर चालला म्हणून खोलीत चालेलच असं नाही. जे भाग घेणार नाहीत अशा तिघांना घेऊन एकदा पूर्ण चालवून बघा. बहुतेक गडबड दोन ठिकाणी सापडते. एक, रक्ताची नळी. पाणी, खाण्याचा लाल रंग आणि थोडं कॉर्नफ्लॉवर घातलेलं मिश्रण जास्त घट्ट झालं तर नळीत अडकतं आणि मग अचानक सुटतं. रक्त भसकन आलं की ओळखण्याची परीक्षा संपलीच, ते कोणालाही दिसतं. दोन लिटर मिश्रण करून ठेवा आणि तिसऱ्या मिनिटाला ड्रेपमध्ये खरंच ३५० दिसतात का, ते मोजून बघा. दुसरी गडबड, एकच माणूस रक्त, गर्भाशय आणि मॉनिटर सांभाळतो आणि मसाज चालू असताना गर्भाशय कडक करायला विसरतो. टीमला वाटतं मसाजचा उपयोग होत नाही, आणि ती तो सोडून देते. ती चूक टीमची नसते. रक्त व गर्भाशयाला एक माणूस, मॉनिटरला दुसरा.

आणि टीमला आधीच सांगा, मॅनिकिनमध्ये काय दिसणार नाही. त्याचा चेहरा पांढरा पडत नाही, हात गार होत नाहीत. "हात गार आहेत का?" असं विचारलं तर ऑपरेटर उत्तर देईल. नाहीतर पुढे चर्चेत "आम्हाला कसं कळणार होतं?" हा वाद सुरू होतो, आणि तो रास्त असतो.

डीब्रीफिंग: तोच उशीर, दोन वेगळी कारणं

प्रसंग १५ मिनिटांचा, तर चर्चेला किमान ३० मिनिटं ठेवा. क्रम साधा. आधी मन मोकळं करू द्या: "कसं वाटतंय आत्ता?" मग गोष्ट एकदा सगळ्यांच्या तोंडून: "काय झालं होतं सुनीताला, थोडक्यात सांगा." हे महत्त्वाचं, कारण कधीकधी इंटर्नला वाटत असतं की वार अडकली होती. त्यानंतर खरी चर्चा, आणि शेवटी वॉर्डात काय न्यायचं ते.

मधल्या भागात प्रत्येक उद्दिष्टाला एक प्रश्न आधीच लिहून ठेवायचा. समजा टीम चौथ्या पायरीवर, म्हणजे सासूबाई बोलल्यावर जागी झाली. आपल्याला पटकन तोंडात येणारा प्रश्न असतो, "रक्त जाताना दिसलं नाही का तुम्हाला?" याला उत्तर एकच, खाली घातलेली मान. त्याऐवजी तीन गोष्टी एकत्र सांगा: काय पाहिलं, त्याबद्दल काय वाटलं, आणि समोरच्याच्या डोक्यात काय होतं याची खरी विचारणा.

"तिसऱ्या मिनिटाला रक्त ३५० वर होतं आणि तुम्ही बीपी घेतलंत. त्यानंतर दोन मिनिटं बाळाच्या कामात गेली. मला काळजी वाटली, कारण तेवढ्यात स्राव वाढत होता. बीपी घेतल्यावर तुमच्या मनात काय आलं, ते सांगाल?"

आता समजा पहिली सिस्टर म्हणाली, "सर, बीपी ११२ आलं ना, म्हणून वाटलं ठीक आहे." सापडलं! तिला रक्त दिसलं होतं, तिने बीपीवर भरवसा ठेवला होता. तिला शिकवायचं ते नाडी आणि बीपीचं नातं. नाडीला वरच्या बीपीने भागा. सुरुवातीला ८८ भागिले ११६, म्हणजे ०.७६. तिसऱ्या मिनिटाला १०४ भागिले ११२, म्हणजे ०.९३. बीपी फारसं हललं नाही, पण हा आकडा ०.९ च्या वर गेला, म्हणजे सावध. पुढे १२४ भागिले ९६, जवळपास १.३. फळ्यावर हे तीन आकडे लिहिले की वेगळं व्याख्यान लागत नाही.

पण समजा सिस्टर म्हणाली, "सर, मला वाटत होतं जास्त आहे. पण रात्री अडीचला मॅडमना फोन करायचा आणि मग काहीच नसलं तर ओरडा बसतो." उशीर तोच दोन मिनिटांचा, कारण पूर्ण वेगळं. हिला भागाकार शिकवून काय होणार? इथे प्रश्न पुढे न्यायचा: "आकडा किती झाला की विचारल्याशिवाय फोन करायचा, हे आपल्या वॉर्डात ठरलंय का?" ठरलेलं नसेल, तर ती नोंद या चर्चेतून वरिष्ठांपर्यंत गेली पाहिजे. "३०० आणि नाडी १००, की फोन" असं भिंतीवर लिहिलेलं असेल, तर फोन सिस्टरने केला असं होत नाही, नियमाने केला असं होतं.

दुसऱ्या उद्दिष्टाचा प्रश्न: "पाच गोष्टींपैकी कोणती सगळ्यात शेवटी झाली, आणि ती कोण करतंय असं प्रत्येकाला वाटत होतं?" बऱ्याचदा उत्तर निघतं की दुसरी सुई लावायचं काम दोघांनी एकमेकांवर सोडलं होतं. कारण "कोणीतरी लाइन घ्या" असं म्हटलं गेलं, नाव घेऊन नाही. तिसऱ्याचा प्रश्न: "औषध निवडताना सुनीताबद्दल कोणती माहिती वापरलीत, आणि ती कुठून मिळाली?" केस पेपरमधून, पंप पाहून, की सुनीताने स्वतः विचारल्यावर? बरोबर औषध नशिबाने निवडलं गेलं असेल, तर या प्रश्नाला ते लगेच उघडं पडतं.

शेवटचा प्रश्न सगळ्यांना: "पुढच्या नाइट ड्युटीला तुम्ही काय वेगळं कराल, एकच गोष्ट?" "जास्त लक्ष देईन" हे उत्तर घेऊ नका. "डिलिव्हरीनंतर दर १५ मिनिटांनी पोटावर हात ठेवीन आणि ड्रेपचा आकडा मोठ्याने बोलेन" हे उत्तर घ्या.

या प्रसंगाने काय होणार नाही

एक मर्यादा सांगून थांबतो. सिम्युलेशनच्या खोलीत ट्रे भरलेला असतो. वॉर्डात ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, आणि ते बराच काळ उष्णतेत पडून राहिलं असेल तर कितीही चांगली टीम असो, औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून खोलीत दोनदा केल्यावर तिसऱ्यांदा हाच प्रसंग प्रत्यक्ष लेबर रूममध्ये, तिथल्याच कपाटातून औषधं काढायला लावून करा. तेव्हा घड्याळ लावा आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची कुपी हातात यायला किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवा. किल्ली कुणाकडे असते, हेही त्याच वेळी कळतं.

तुमच्या कॉलेजात हा प्रसंग चालवलात, तर टीम कोणत्या पायरीवर जागी झाली ते मला कमेंटमध्ये नक्की लिहा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू.